गुणिले बारा

कर्जाच्या अर्जावरचे सगळ्यात सोपे रकाने कोणते, असं विचारलं तर कुणीही वय आणि उत्पन्न हेच सांगेल. मी वसमतच्या शाखेत छोट्या कर्जांच्या कामाला लागलो तेव्हा मलाही हेच सांगितलं होतं. वय अठरा ते साठ, उत्पन्न मर्यादेच्या आत, घर बघून यायचं आणि सही घ्यायची. आधी मोटारसायकलवर कुरुंदा, गिरगाव, हट्टा या बाजूची गावं फिरलो, मग शाखेत बसून दुसऱ्यांनी आणलेले अर्ज तपासले आणि पुढे नांदेडच्या कार्यालयात गेलो. तिथं हेच नियम संगणकात बसवायचं काम चाललं होतं. अर्ज आत गेला की ‘मंजूर’, ‘नामंजूर’ किंवा ‘पुन्हा पाहा’ असं उत्तर कारणासकट बाहेर यायला हवं होतं. प्रोग्रॅम लिहिणारी मुलगी पुण्याची होती. ‘सालगडी’ म्हणजे काय, हे तिला समजावून सांगता सांगता मलाच बरंच काही उमगत गेलं.

नियम तसे थोडे आहेत. १ एप्रिल २०२२ पासून रिझर्व्ह बँकेची सूक्ष्म कर्जांसाठीची नवी चौकट लागू झाली. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असेल तर त्यांना तारणाशिवाय दिलेलं कर्ज सूक्ष्म कर्ज धरायचं. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. त्या कुटुंबाचे सगळ्या कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. नव्या कर्जाचा हप्ताही त्यातच आला. वयाची खालची मर्यादा कायद्यातून येते, कारण अठराच्या आतल्या माणसाशी करारच होत नाही. वरची मर्यादा मात्र ज्याची त्याची. आमच्याकडे शेवटचा हप्ता फिटेपर्यंत साठ पूर्ण होता कामा नयेत असं होतं, कारण कर्जासोबतचा विमा तिथवरच मिळत असे.

कागदावर हे चार ओळींत बसतं. पण उत्पन्नाच्या एकाच आकड्याला दोन नियम दोन बाजूंना ओढतात, हे फार उशिरा लक्षात येतं. तीन लाखांच्या मर्यादेसाठी उत्पन्न कमी दिसायला हवं आणि निम्म्या हप्त्याच्या नियमासाठी ते जास्त दिसायला हवं. अर्ज भरून घेणाऱ्या पोराला महिन्याचं उद्दिष्ट असतं. तो काही दिवसांतच शिकतो, की दोन्ही नियमांना खूश करणारा एक आकडा आहे: महिना चोवीस हजार. बाराने गुणलं की दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार. मर्यादेच्या आत, आणि हप्त्याला भरपूर जागा. शाखेतल्या फायली एकाखाली एक ठेवून नुसती उत्पन्नाची ओळ वाचत गेलं तर २,८८,००० हा आकडा इतक्या वेळा भेटायचा, की जणू वसमत तालुक्यात सगळ्यांना एकच पगार मिळतो.

२०२२ च्या आधी आमच्यासारख्या संस्थांना ग्रामीण भागासाठी सव्वा लाखाची मर्यादा होती आणि शहरी-निमशहरी भागासाठी दोन लाखांची. तेव्हा खेड्यांतल्या फायलींत १,२०,००० चं पीक होतं, म्हणजे महिना दहा हजार. मर्यादा बदलली तशी त्याच घरांची, त्याच माणसांची कमाई एका एप्रिलमध्ये दुपटीपेक्षा जास्त झाली. खोटेपणा ओळखायला फार हुशारी लागत नाही. एका गटातल्या सगळ्या बायकांचा किराणा खर्च सारखाच असेल, सगळ्यांची कमाई हजारांत पूर्ण असेल आणि मागच्या वर्षी दुसऱ्या संस्थेनं पतमाहिती कंपनीला कळवलेला आकडा भलताच वेगळा असेल, तर तो अर्ज घरी जाऊन भरलेला नसतो. त्या फरकाचं कारण अर्जदाराला विचारायचं, असं रिझर्व्ह बँकेनंही सांगून ठेवलं आहे. ते विचारणारे थोडे.

उलट्या दिशेचा कागदही भेटतो. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला बहुतेक वेळा पोरांच्या शिष्यवृत्तीसाठी काढलेला असतो आणि तिथं आकडा जितका खाली तितका बरा. ‘साहेब, दाखला साठ हजाराचा आहे, पण खरी कमाई दोन लाख,’ असं एकाच दमात सांगणारी माणसं मी पाहिली आहेत. मला त्यांचा राग कधी आला नाही. दाखला मागणारं ऑफिस वेगळं आणि कर्ज देणारं वेगळं, दोघांना वेगळं उत्तर हवं असतं, आणि माणूस समोरच्याला हवं ते देतो. म्हणून दाखला फायलीला लावायचो, पण हिशेब त्यावर करत नसू.

मला सगळ्यात जास्त सतावलं ते ‘गुणिले बारा’नं. यात कुणाची लबाडी नसते. अर्जावर ‘मासिक उत्पन्न’ असा रकाना असतो, माणूस प्रामाणिकपणे महिन्याचा आकडा सांगतो आणि यंत्र त्याला बाराने गुणतं. महिन्याला पगार होणाऱ्या माणसाला हे चालतं. वसमतला वर्ष हळदीवर चालतं. मे-जूनमध्ये लागवड, जानेवारीपासून काढणी, मग शिजवणं, वाळवणं, पॉलिश आणि मोंढा. जानेवारी ते एप्रिल बायकांना एक दिवस घरी बसायला सवड नसते. मध्ये सोयाबीनची खुरपणी, दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी. भादव्यात मात्र कितीतरी घरांत रोजगाराचा रुपया येत नाही. शेत स्वतःचं असलं तरी आकडा स्थिर नसतो. २०२३ च्या उन्हाळ्यात ज्यांनी हळद विकली आणि ज्यांनी पावसाळ्यापर्यंत घरात ठेवली, त्यांच्या भावात दुपटीच्या घरात फरक पडला. एकाच बांधाला लागून असलेली दोन शेतं, एकरी उतारा सारखा, तरी एकाचं वर्ष सूक्ष्म कर्जात बसायचं आणि दुसऱ्याचं नाही. पुढच्या साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेढे वाटणाऱ्यांत उन्हाळ्यातच विकून बसलेलेही होते.

एक अर्ज सविस्तर सांगतो. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून थोडे तपशील हलवले आहेत, हिशेब मात्र तसाच ठेवला आहे.

मे २०२४. कुरुंद्याच्या बाजूच्या गावातल्या एक बाई. आधारवर जन्मतारीख १ जानेवारी १९७९. पन्नास हजार हवे होते, दुसरी म्हैस घ्यायची होती. वरचे वीस हजार त्यांच्याकडे जमले होते. नवरा एका हळदीच्या शेतावर सालगडी, लग्न न झालेला मुलगा हंगामात हळदीच्या कुकरवर, बाई रोजाने जाणाऱ्या, दारात एक म्हैस. अर्ज भरणाऱ्या पोरानं विचारलं तसं बाईंनी सांगितलं. नवऱ्याचं साल एक लाख वीस हजार. स्वतःची रोजी तीनशे, महिन्याला पंचवीस दिवस, म्हणून वर्षाचे नव्वद हजार. म्हशीचे खर्च जाऊन महिना तीन हजार, वर्षाचे छत्तीस हजार. मुलाचे महिना बारा हजार, वर्षाचे एक लाख चव्वेचाळीस हजार. बेरीज तीन लाख नव्वद हजार. यंत्रानं क्षणात उत्तर दिलं: नामंजूर, उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त.

दुसऱ्याच्या शेतावर राबणारं, पत्र्याच्या दोन खोल्यांत राहणारं घर ‘श्रीमंत’ म्हणून नाकारलं गेलं होतं. पोरानं फोन करून विचारलं, “सर, आकडा कमी करून परत टाकू का?” मी म्हटलं, थांब, मी येतो. कमी करायचा नव्हता, काढायचा होता.

ओट्यावर बसून मी मुलापासून सुरुवात केली.

“मावशी, पोराला बारा हजार बाराही महिने मिळतात का?”

“अन् सर, कुकरवर बाराही महिने कोण ठेवील? हळद सरली की काम सरलं.”

“मग किती महिने?”

“तीन. लई तर साडेतीन. मग बसतंय मोबाइल बघत.”

तीन धरले. छत्तीस हजार. म्हैस वर्षातून सहा महिने दुधाची, बाकीचे भाकड, म्हणून अठरा हजार. त्यांच्या रोजीसाठी महिना विचारलाच नाही, काम विचारलं. हळदीच्या काढणीत किती दिवस, खुरपणीत किती, कापूस वेचायला किती. बायका तारीख सांगत नाहीत, पण कोणाच्या शेतावर किती दिवस गेलो ते अचूक सांगतात. बेरीज दीडशेच्या आसपास आली. पंचेचाळीस हजार. नवऱ्याचे एक लाख वीस हजार धरून एकूण दोन लाख एकोणीस हजार झाले. तीन लाखांच्या बरंच आत. महिन्याला १८,२५०, त्याचे निम्मे ९,१२५.

आता हप्ते. पतमाहिती अहवालात दोन कर्जं दिसत होती. बचत गटातून घेतलेल्याचे महिना १,६०० आणि दुसऱ्या एका संस्थेचे २,४५०. मिळून ४,०५०. उरले ५,०७५. पन्नास हजारांचा चोवीस महिन्यांचा हप्ता, घटत्या शिलकेवर चोवीस टक्क्यांनी, २,६४४ रुपये. सहज बसतो. मी वही मिटणार एवढ्यात म्हैस कुठं बांधणार असं विचारलं आणि बोलता बोलता बाई म्हणाल्या, की यंदा पाडव्याला उचल घेतली, पोरीचं लग्न झालं, त्यात गेली.

मराठवाड्यात सालगड्याचं साल पाडव्याला ठरतं. ठरलेल्या रकमेतली काही आधीच उचलायची आणि वर्षभर राबून फेडायची, ही जुनी रीत. या घरानं चाळीस हजार उचलले होते. म्हणजे एक लाख वीस हजारांपैकी येत्या वर्षात घरी ऐंशीच येणार होते. ही उचल कुठल्याही अहवालात दिसत नाही. तिला हप्ता नाही, पावती नाही, असलाच तर शेतमालकाच्या डायरीत एक आकडा.

ती कुठं धरायची, यावर सगळा निर्णय फिरतो. उत्पन्नातून वजा केली तर उत्पन्न १,७९,००० होतं. महिन्याचे निम्मे ७,४५८, त्यातून ४,०५० गेले की ३,४०८ उरतात. पन्नास हजारांचा २,६४४ चा हप्ता मावतो, कर्ज मंजूर. तीच उचल कर्ज धरली, चाळीस हजार भागिले बारा म्हणजे महिना ३,३३३, तर ९,१२५ मधून ४,०५० आणि ३,३३३ गेल्यावर उरतात १,७४२. पन्नास हजार बसत नाहीत. तेच घर, तोच कागद, तीच माणसं. एका बेरजेची जागा बदलली की उत्तर बदलतं.

नांदेडला यावर खूप वाद झाला. एकाचं म्हणणं, जे कुठल्याही अहवालात नाही ते धरायचंच कशाला? दुसऱ्याचं म्हणणं, पैसा घरी येणार नाही, एवढंच खरं, म्हणून उत्पन्नातून काढा. माझं म्हणणं होतं की हे कर्जच आहे. बँकेचा हप्ता चुकला तर दारात माणूस येतो. उचल फिटली नाही तर पुढचं साल त्याच शेतावर काढावं लागतं. सगळ्यात आधी फिटणारं देणं हेच असतं, आमचा हप्ता त्याच्या मागे रांगेत. ज्याचा नंबर आपल्या पुढे आहे त्याला हिशेबातून वगळणं मला पटत नव्हतं. शेवटी तसंच ठरलं. उत्पन्न पूर्ण धरायचं, उचल देण्यात धरायची, आणि त्यासाठी वेगळा रकाना.

१,७४२ रुपयांच्या हप्त्यात चोवीस महिन्यांना साधारण तेहतीस हजारांचं कर्ज बसतं. आम्ही बत्तीस देऊ केले, हप्ता १,६९२. यंत्रातून निघालेलं उत्तर, अनावश्यक ओळी गाळून, असं होतं:

```json
{
  "decision": "COUNTER_OFFER",
  "requested_amount": 50000,
  "offered_amount": 32000,
  "stated_income": 390000,
  "assessed_income": 219000,
  "age_at_maturity": 47,
  "reasons": ["EMI_ABOVE_50_PERCENT"]
}
```

यात `stated_income` आणि `assessed_income` या दोन वेगळ्या ओळी आहेत, त्यासाठी मी बराच भांडलो. पहिल्या मसुद्यात उत्पन्नाची एकच ओळ होती. तपासणाऱ्यानं आकडा दुरुस्त केला की मूळचा पुसला जायचा. मग सहा महिन्यांनी कुणी विचारलं, की बाई तीन लाख नव्वद म्हणाल्या होत्या, तुम्ही दोन एकोणीस कसे लिहिलेत, तर दाखवायला काही नसायचं. आणि जिथं सांगितलेला आकडा व काढलेला आकडा नेहमीच तंतोतंत जुळतो, ती शाखा घरी जात नाही, हेही त्या दोन ओळींमुळेच वरून दिसायला लागलं.

बाईंना बत्तीस हजार ऐकून वाईट वाटलं. मोठी म्हैस यात येत नाही, म्हणाल्या. मग त्यांनीच तोड काढली: बत्तीस आणि जवळचे वीस यांत गाभण वगार घेतली. दूध उशिरा सुरू झालं, पण हप्ता चालू राहिला. पन्नास दिले असते तर काय झालं असतं, ते मी सांगू शकत नाही. कदाचित तेही फिटले असते.

चौकटीतल्या कुटुंबाच्या व्याख्येबद्दल एक सांगायचं राहिलं. हाच मुलगा लग्न झालेला असता तर त्याचे छत्तीस हजार या हिशेबात आलेच नसते. चूल एक, छप्पर एक, तरी कागदावर कुटुंबं दोन. सुनेच्या नावानं दुसरा अर्ज येतो तेव्हा घर तेच दिसतं आणि तपासणाऱ्याला वाटतं की एकाच उत्पन्नावर दोन कर्जं चालली आहेत. चाललेली नसतात, पण कुणाची कमाई कुणाच्या अर्जात धरली आहे ते बघावं लागतं.

वयाचं प्रकरण मला आधी किरकोळ वाटायचं. आपल्याकडे एका पिढीच्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळा जूनमध्ये भरायची आणि नाव घालताना गुरुजी अंदाजानं वर्ष धरून तीच तारीख टाकायचे. जी शाळेतच गेली नाहीत त्यांची तारीख आधार काढताना पडली. नुसतं वय सांगितलं की त्या वर्षाची १ जानेवारी. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही, असं आधार देणाऱ्या प्राधिकरणानंच स्पष्ट केलं आहे. २०२४ मध्ये एका अपघात भरपाईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही आधारवरच्या तारखेऐवजी शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. पण ज्या बाईकडे टी.सी.च नाही, तिच्यासाठी आमच्याकडे आधार, मतदान कार्ड आणि रेशन कार्डावरचं वय यांखेरीज काय असणार?

एप्रिल २०२२ मधली गोष्ट. एका बाईंच्या आधारवर १ जानेवारी १९६४. मतदान कार्डावरच्या हिशेबानं त्या चार वर्षांनी लहान निघत. तीस हजार हवे होते, चोवीस महिन्यांसाठी. त्या दिवशी वय अठ्ठावन्न, पण शेवटचा हप्ता एप्रिल २०२४ मध्ये, तोवर साठ पूर्ण. नामंजूर. बाईंनी सरळ विचारलं, “मी म्हातारी दिसती का तुम्हाला?” आमच्या पोरानं तेव्हा, “रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, मावशी,” असं सांगून हात झटकले. ते खरं नव्हतं. साठची अट आमच्या संस्थेची होती आणि तीही कर्ज संपतानाच्या वयाला लागू होती, आजच्या वयाला नाही. मुदत अठरा महिने केली तर शेवटचा हप्ता ऑक्टोबर २०२३ मध्ये, वय एकोणसाठ. हप्ता १,५८६ वरून २,००१ वर जात होता आणि त्यांच्या उत्पन्नाच्या निम्म्यात तो बसत होता. कर्ज दिलं. चार वर्षांनी लहान होण्याची गरजच पडली नाही.

त्यानंतर मी आग्रह धरला, की प्रत्येक कारणापुढे ते कुणाचं आहे तेही लिहायचं: कायद्याचं, रिझर्व्ह बँकेचं की आपलं. कायद्याचं कारण असेल तर चर्चा संपली. रिझर्व्ह बँकेचं असेल तर हिशेब पुन्हा करून बघता येतो, नियम वाकवता येत नाही. आपलं असेल तर मुदत, रक्कम किंवा वरिष्ठांची परवानगी, काहीतरी करता येतं. हे तीन प्रकार एकाच ‘नामंजूर’ शिक्क्याखाली गेले की शाखेतला माणूस सगळंच ‘वरून आलंय’ म्हणून सांगतो. त्याला ते सोयीचं असतं.

वयाच्या दुसऱ्या टोकाला यंत्रानंच घोळ घातला होता. सुरुवातीच्या प्रोग्रॅममध्ये वय म्हणजे चालू सालातून जन्मसाल वजा. नोव्हेंबर २००४ चा जन्म असलेला मुलगा मार्च २०२२ मध्ये मोबाइल दुरुस्तीच्या टपरीसाठी अर्ज घेऊन आला, यंत्रानं अठरा म्हणून पुढे ढकलला. खरं वय सतरा. एका शाखेतल्या मुलीनं नुसत्या डोळ्यानं ते धरलं. चाचणी करताना सगळ्यांनी १ जानेवारीच्या तारखा टाकल्या होत्या, आणि त्या तारखेला वर्षं वजा करून येणारं उत्तर नेहमी बरोबरच येतं. मग पूर्ण झालेली वर्षं मोजायला लावली, अठराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवसाची आणि त्याच दिवसाची अशा दोन्ही तारखा चाचणीत घातल्या.

सतरा वर्षं चार महिने आणि अठरा वर्षं यांत व्यवहारात काय फरक, असं कुणी विचारलं की मी मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष हा खटला सांगतो. कलकत्त्याच्या धर्मोदास घोषनं अज्ञान असताना १८९५ साली मालमत्ता गहाण ठेवून कर्ज घेतलं. १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं निकाल दिला, की अज्ञानाचा करार मुळातच रद्दबातल, सावकाराला पैसे परत मागता येणार नाहीत. मला त्यातला कायद्यापेक्षा एक तपशील जास्त लागतो. मुलगा अज्ञान आहे असं त्याच्या आईच्या वकिलानं सावकाराच्या माणसाला पत्रानं आधीच कळवलं होतं. माहिती आली होती, ती निर्णयापर्यंत पोचली नाही. आमच्याकडेही बहुतेकदा हेच होतं. बाईंनी उचलीचं सांगितलेलं असतं, पोरानं ऐकलेलं असतं, पण अर्जात तिला रकाना नसतो.

‘पुन्हा पाहा’ हे उत्तर वापरायला सगळ्यांना आवडतं, कारण त्यात कुणावर जबाबदारी येत नाही. म्हणून त्याच्यासोबत प्रश्न द्यायची सक्ती केली. ‘उत्पन्न अस्पष्ट’ चालणार नाही. ‘मुलगा वर्षातून किती महिने कुकरवर असतो?’ हे चालेल. आणि रकाना रिकामा असेल तर यंत्रानं शून्य धरायचं नाही. कर्ज नाही आणि कर्ज विचारलंच नाही, या दोन गोष्टी संगणकाला सारख्याच वाटतात, मुद्दाम सांगितल्याशिवाय.

कारणं किती सांगायची यावरही मतं होती. प्रोग्रॅमच्या दृष्टीनं पहिलं कारण सापडलं की थांबणं सोयीचं. पण गावाहून वसमतला यायचं म्हणजे एक रोजी बुडते. एका खेपेला टी.सी. आणा म्हणायचं, ती आणली की पुढच्या खेपेला हप्ते बसत नाहीत म्हणायचं, हा जुलूम आहे. वय अठराच्या आत असेल तर तिथंच थांबायचं, पुढे घरातल्या कमाईची चौकशी करण्यात अर्थ नाही. बाकी वेळी सगळे नियम लावून जेवढी कारणं निघतील तेवढी एकदम सांगायची, मराठीत, छापून. त्या चिठ्ठीवर कमाईचा हिशेबही असतो, कोणाचे किती धरले ते. लोक तो वाचतात, चूक दाखवतात. एक जण भांडायला आला, की म्हशीचे सहा महिने का, माझी आठ महिने दूध देते. डेअरीची पुस्तिका सोबत होती. आठ धरले.

आता अडलं आहे ते ऊसतोडीवर. सालगड्याची उचल एका माणसाची आणि बारा महिन्यांची असते. तोडीची उचल मुकादमाकडून कोयत्यावर मिळते, म्हणजे नवरा-बायको मिळून, आणि फेडायची हंगामाच्या पाच-सहा महिन्यांत. तिला बाराने भागलं तर उन्हाळ्यात हप्ता बसतो आणि तोडीच्या दिवसांत बसत नाही. सहाने भागलं तर कर्जच बसत नाही. त्यात पावसानं तोड लवकर बंद पडली तर बाकी पुढच्या हंगामावर जाते. हप्तेच हंगामाप्रमाणे कमीजास्त ठेवावेत असं मी लिहून दिलं आहे. त्यावर नांदेडहून आलेलं उत्तर ‘पुन्हा पाहा’ असं आहे, आणि सोबत प्रश्न दिलेला नाही.